उसाच्या वहीत नसलेला रकाना

आमच्या दाजींची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या खतावणीसारखी. त्यात दोन एकर उसाचा सगळा खर्च तारखेनिशी लिहिलेला असतो: नांगरट, सरी, बेणं, लागणीची मजुरी, बेसल डोस, खुरपणी, बांधणी, युरिया. गेल्या दिवाळीला औसा तालुक्यातल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, ‘‘तुम्ही अर्थशास्त्र शिकवायलात ना कॉलेजात? मग सांगा, ऊस परवडतो का नाही?’’

मी बेरीज केली. एकरी खर्च ५० हजार. उतारा ४० टन. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला २,७०० पडले, म्हणजे १ लाख ८ हजार. एकरी ५८ हजार उरले. दोन एकरांचे १ लाख १६ हजार. दाजी मिशीत हसत होते.

‘‘पाणी कुठं लिहिलंय?’’ मी विचारलं.

‘‘पाण्याला काय पैसे पडायलेत? बोअर आपलं, लाइट फुकट.’’

त्यांचं खरं होतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारनं एप्रिल २०२४ पासून वीज मोफत केली आहे, आणि जमिनीखालचं पाणी कुणी मोजून विकत नाही. खिशातून जे गेलं ते लिहायचं, या नियमानं वही अगदी बरोबर होती. माझं म्हणणं असं आहे की हा नियमच चुकीचा आहे, आणि मराठवाड्यात उसावरून गेली पंचवीस-तीस वर्षं जो वाद चालला आहे तो याच चुकीभोवती फिरतो. ऊस नको म्हणणारे आणि ऊसच हवा म्हणणारे, दोघंही गेलेल्या पैशाचा आणि आलेल्या पैशाचा हिशोब मांडतात. जे हातचं सोडलं त्याचा कुणी मांडत नाही.

अर्थशास्त्रात त्याला संधी खर्च म्हणतात. एक पर्याय निवडला की दुसरे सुटतात, आणि सुटलेल्यांपैकी सगळ्यात चांगल्या पर्यायातून जे मिळालं असतं, तो निवडलेल्या पर्यायाचा खरा खर्च. सुटलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करायची नाही, ही चूक माझे विद्यार्थी दरवर्षी करतात. तेच पाणी ज्वारीला देता आलं असतं, हरभऱ्याला देता आलं असतं, मोसंबीला देता आलं असतं, हे खरं. पण एक थेंब एकदाच देता येतो, म्हणून त्यातला सर्वांत सरस एकच धरायचा. पैसे गेले की नाही याचा इथं संबंध नाही. पैसे न देता केलेली गोष्टसुद्धा महाग असू शकते, आणि भरपूर पैसे देऊन केलेली स्वस्त.

हे वर्गात सांगायला सोपं. दाजींच्या ओट्यावर सांगायचं तर आकडे लागतात.

त्यांची जमीन पाच एकर. दोन एकर ऊस, उरलेल्या तीन एकरांत खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला कोरडवाहू हरभरा. बोअर एकच, दिवाळीनंतर तासाला साधारण आठ हजार लिटर देतं. शेतीची लाइट आठ तास. आता उसाची एक पाळी धरा. पाटानं पाणी सोडलं तर जमिनीवर आठ सेंटीमीटर उभं राहील एवढं लागतं. एकराला ते सव्वातीन लाख लिटर होतं. म्हणजे मोटर चाळीस तास, लाइटीच्या हिशोबानं पाच दिवस. पावसाळा सोडून दिवाळीपासून मिरगापर्यंत उसाला अशा वीसेक पाळ्या लागतात. एका एकराला ६५ लाख लिटर, दोन एकरांना १ कोटी ३० लाख. पाळ्या चाळीस, मोटर दोनशे दिवस. दाजींचा पंप थंडीत, उन्हाळ्यात कधी रिकामा का नसतो ते यात आलं. तीन एकर हरभऱ्याला पाणी द्यायचं मनात असूनही देता येत नाही, कारण मोटर उसाच्या सरीत अडकलेली असते.

हरभऱ्याची गरज निराळी आहे. त्याला पाणी जास्त झालं तर तो माजतो, पालाच करतो, घाटे धरत नाही. फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन हलकी पाणी तुषारनं दिली तर पुरतात. एका वेळी एकराला दोन लाख लिटर. म्हणजे हंगामाला एकरी चार लाख लिटर, जिथं उसाला ६५ लाख जातात. तेवढ्यावर दाजींच्या रानात कोरडवाहू तीन क्विंटल येणारा हरभरा आठ क्विंटलपर्यंत जातो.

मग आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर पाचही एकरांचा हिशोब दोनदा मांडला. भाव त्यांनीच सांगितले: सोयाबीन ४,२००, हरभरा ५,२००. सोयाबीन आठ क्विंटल, खर्च २० हजार, उरले १३,६००. पाणी दिलेला हरभरा आठ क्विंटल, खर्च १६ हजार, उरले २५,६००. कोरडवाहू हरभरा तीन क्विंटल, खर्च ११ हजार, उरले ४,६००.

आज आहे तसं: दोन एकर उसाचे १ लाख १६ हजार, आणि तीन एकर सोयाबीन व कोरड्या हरभऱ्याचे ५४,६००. एकूण १ लाख ७० हजार ६००.

ऊस नाही, पाचही एकर सोयाबीन आणि त्यावर दोन पाण्यांचा हरभरा: एकरी ३९,२००, म्हणजे १ लाख ९६ हजार.

फरक २५,४०० रुपयांचा. दाजी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले. एकरी बघितलं तर ऊसच सरस होता, ५८ हजार विरुद्ध ३९ हजार, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण त्यांच्याकडं तोकडं आहे ते रान नव्हे, पाणी आहे. जी गोष्ट तोकडी तिच्या मापानं मोजायचं असतं. दोन एकर उसासाठी त्यांनी खरोखर मोजलेली किंमत वहीतले एक लाख रुपये नव्हतीच. पाचही एकरांत हरभऱ्याला पाणी देता आलं असतं, ते सोडल्यामुळं गेलेले १ लाख ४१ हजार ४०० ही होती. खत, बेणं, मजुरी वजा करून उरलेले. त्याच्यापुढं उसाचे १ लाख १६ हजार कमी पडतात. शिवाय दुसऱ्या हिशोबात पाणी लागलं वीस लाख लिटर. एक कोटी दहा लाख लिटर जमिनीतच राहिलं.

यावर दाजींचा पहिला वार असा आला: ‘‘बोअरला पावणेदोन लाख घातलेत, सातशे फूट. ते कोण वसूल करणार? हरभरा?’’

हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो आणि तो साफ बाजूला ठेवायला हवा. बोअरचे पैसे गेले. ऊस लावला तरी गेले, हरभरा पेरला तरी गेले. दोन्ही पर्यायांत जे सारखंच गेलेलं आहे त्याला निवडीत जागा नाही. माणसाला मात्र उलटं वाटतं: एवढा खर्च केलाय तर पाणी खाणारं पीकच घेतलं पाहिजे. असं करत करत माझ्या माहितीतल्या एका शिवारात एकाच गटात चार बोअर झाली, प्रत्येक आधीच्यापेक्षा खोल, आणि प्रत्येक आधीच्याची वसुली करण्यासाठी. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं, तो २००९ चा आहे, शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई केली आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. सातशे फुटांवर गेलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

दुसरा वार जास्त खोल होता, आणि त्यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. ‘‘मी एक कोटी लिटर जमिनीत ठेवलं, तर ते माझं ऱ्हाईल का? शेजाऱ्याचं बोअर बांधाला लागून आहे. मी नाही उपसलं तर तो उपसील.’’

इथं संधी खर्च ही कल्पना एकदम टोकदार होते, कारण प्रश्न येतो: कुणाचा खर्च? जमिनीखालचं पाणी सातबारा बघून थांबत नाही. आपला काळा बेसाल्ट भेगांतून, सांध्यांतून पाणी धरतो, आणि त्या भेगा बांध ओळखत नाहीत. म्हणून दाजींनी पाणी वाचवलं तरी ते त्यांना पुढच्या उन्हाळ्यात मिळेलच असं नाही. त्यांच्यापुरता वाचवलेल्या पाण्याचा पर्यायी उपयोग जवळपास शून्य, म्हणून उधळण्याचा संधी खर्चही शून्य. गावापुरता तो शून्य नाही. त्याच पाण्यावर मार्चमध्ये गावची सार्वजनिक विहीर आटते की नाही हे ठरतं, एप्रिलमध्ये टँकर लागतो की नाही हे ठरतं. दाजी अविचारी नाहीत. त्यांच्यासमोर मांडलेला हिशोब आणि गावाचा हिशोब यांत हे एवढं अंतर आहे, आणि दोष त्या अंतराचा आहे.

ते अंतर किती रुंद होऊ शकतं हे लातूरनं पाहिलंय. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा टँकर, पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांत फोटो आले, स्टेशनवर गर्दी झाली. मी तो आकडा नंतर उसाच्या पाळीशी ताडून पाहिला: एक एकर उसाची दीड पाळी. पुढं पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या आल्या. त्यातली एक गाडी म्हणजे एका एकराच्या आठ पाळ्यासुद्धा नाहीत. हे अगदी तंतोतंत तुलनेचं नाही, मला मान्य आहे. पाटानं दिलेल्या पाण्यातलं काही परत जमिनीत मुरतं, आणि औशाच्या रानातलं पाणी लातूरच्या नळाला आपोआप जात नाही. तरीही त्या उन्हाळ्यात रेल्वेला किती रुपये लागले यावर जेवढी चर्चा झाली तेवढी त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मांजरेच्या खोऱ्यात किती पाळ्या गेल्या यावर झाली नाही. कारण रेल्वेचं बिल येतं. न दिलेल्या पाण्याचं बिल येत नाही.

सरकारी हिशोबात ही कल्पना मुळीच नाही असं नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च अनेक मापांनी काढतो. एक माप रोख खर्च अधिक घरच्यांची मजुरी. त्याहून मोठं माप, सी-२ नावाचं, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरतात. स्वतःच्याच जमिनीचं भाडं कशाला? कारण ती कसली नसती तर खंडानं देता आली असती. हा शुद्ध संधी खर्च आहे. हमीभाव मात्र पहिल्या, लहान मापाच्या दीडपट ठरवतात आणि शेतकरी संघटना सी-२ मागतात. त्या भांडणाचं मूळ हेच आहे की सोडलेल्या संधीला खर्च म्हणायचं की नाही. पण गंमत अशी की सी-२ मध्येसुद्धा पाण्याची नोंद होते ती भरलेल्या पाणीपट्टीची आणि पंपाच्या खर्चाची. ते पाणी दुसरीकडं काय देऊ शकलं असतं, याचा वेगळा रकाना दाजींच्या वहीत नाही तसा तिथंही नाही.

मग उसावर बंदी घालावी का? डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ च्या अहवालात तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक दुष्काळात बंदीची मागणी होते आणि पहिल्या चांगल्या पावसात विरून जाते. मला बंदी पटत नाही, आणि त्याचं कारण दाजींच्या तिसऱ्या वारात होतं.

‘‘हरभऱ्याला ५,२०० कोण देणार?’’

आम्ही भाव खाली आणून बघितला. सोयाबीन आहे तिथंच ठेवला आणि हरभरा ४,४०० धरला, तर दोन्ही हिशोबांत सहाशे रुपयांचा फरक उरतो. पाच एकरांवर, वर्षाला. सोयाबीन त्याच वेळी घसरला तर ऊस पुढं जातो. आणि घसरतो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, तेव्हा मराठवाड्याच्या आडतीवर तो चार हजारांच्या आसपास विकला गेला. खरेदी केंद्रावर ओलाव्याचं कारण, बारदाना नसल्याचं कारण, नोंदणीची रांग. उलट उसाचा रास्त आणि किफायतशीर दर त्याच हंगामाला क्विंटलला ३४० रुपये होता, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, आणि तो कायद्यानं द्यावाच लागतो. पैसे उशिरा येतात, तोडीसाठी मुकादमाच्या पाया पडावं लागतं, पण येतात. उसाला रानडुक्कर नासतं, संपवत नाही. गारपीट झाली तरी तो उभा राहतो. काढणीच्या वेळी पाऊस आला म्हणून तो काळा पडत नाही. दाजी शिक्षक नाहीत की महिन्याला पगार पडेल. त्यांच्यासाठी पाच वर्षांतून दोनदा बुडणारा हरभरा आणि दरवर्षी थोडं कमी देणारा ऊस यांत ऊस निवडणं शहाणपणाचं असू शकतं.

संधी खर्च म्हणजे सोडलेल्या पर्यायाची किंमत, हे एकदा मान्य केलं की धोरणाचा प्रश्न उलटा होतो. उसाचा संधी खर्च शेतकऱ्याला कमी वाटतो, कारण ज्या पिकांना तो सोडतो ती पिकं आपण स्वस्त करून ठेवली आहेत. पाणी फुकट आणि कडधान्य बेभरवशाचं, या दोन्ही गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत. ऊस महाग करण्याआधी हरभरा आणि तूर भरवशाची करा. हमीभावाला जाहीर केलेली खरेदी खरोखर दारात आणा. त्या दिवशी दाजींच्या वहीतला ऊस आपोआप तोट्यात दिसेल, कुणी बंदीचा फतवा न काढता. जो दारात खरेदी केंद्र आणत नाही आणि तरी ऊस मोडायला सांगतो, तो शहराच्या पाण्याचा खर्च दाजींच्या खिशातून काढायला बघतो.

एवढ्यानं शेजाऱ्याच्या बोअरचा प्रश्न सुटत नाही. तो भावानं सुटणारा नाहीच, कारण तिथं पाण्याला मालकच नाही. त्यासाठी गावानं एकत्र बसावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हे वर्षानुवर्षं करत आलंय: पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं, शेतीला बोअर नाही, ऊस नाही. तिथं वाचवलेल्या पाण्याला मालक आहे, तो म्हणजे गाव. म्हणून तिथं पाणी उधळण्याचा खर्च प्रत्येकाला दिसतो. मोठ्या, जातीपातीत विभागलेल्या गावात हे इतकं सरळ जमत नाही हेही खरं. आमच्याकडं ग्रामसभेला कोरम नसतो.

ठिबकचं काय, असं इथं कुणीतरी विचारतंच. ठिबकनं पाळीचं पाणी बरंच वाचतं, ते लावावंच. पण वाचलेल्या पाण्यावर दाजी काय करतील? तिसरा एकर ऊस. पाण्याची किंमत शून्य असताना वाचलेलं पाणी जिथं जास्त नफा दिसतो तिथं जातं, आणि वहीत नफा उसातच दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी उसाच्या विरोधकांना आवडत नाही. हा खर्च कायमचा ठरलेला नसतो. मांजरा भरून वाहते त्या वर्षी, विहिरी काठोकाठ असताना, हरभऱ्याची दोन पाणी देऊनही पाणी उरतं. त्या पाण्याला दुसरा उपयोग नाही, मग उसाला ते देण्याचा संधी खर्चही नाही. अडचण अशी की ऊस वर्षाचा, अडसाली असेल तर दीड वर्षाचा. चांगल्या पावसात लावलेला ऊस पुढच्या वाईट उन्हाळ्यात उभा असतो आणि तेव्हा त्याला मोडवत नाही. पाण्याची किंमत दर महिन्याला बदलते, उसाचा निर्णय मात्र वर्षातून एकदाच होतो.

जानेवारीत दाजींचा ऊस तुटला. मग खोडव्याचा, म्हणजे त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचा, प्रश्न आला, आणि खोडव्याचा हिशोब वेगळा असतो: लागणीचा, बेण्याचा खर्च नाही, म्हणून वहीत तो लागणीपेक्षाही स्वस्त दिसतो, पाणी मात्र जवळपास तेवढंच पितो. दाजींनी एका एकराचा खोडवा ठेवला आणि एक एकर मोडला. का, ते विचारलं तर म्हणाले, तिकडच्या एकराची पाइपलाइन फुटलीय आणि दुरुस्तीला तीन हजार सांगितलेत.

वहीत मात्र त्यांनी एक उभी रेघ ओढली आहे. वर लिहिलंय ‘मोटर तास’. फेब्रुवारीच्या पहिल्या ओळीत चाळीस आहे, दुसऱ्या ओळीत त्रेचाळीस. तेवढ्याच रानाला तीन तास जास्त. बोअर खाली चाललंय.